ओ ला ओ चालत नाही तेव्हा

प्रश्न: माझ्या आईचा गट ओ पॉझिटिव्ह, माझाही ओ पॉझिटिव्ह. तिच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनसाठी मी रक्त द्यायला गेलो, तर रक्तपेढीतून सांगितलं की माझंच काय, त्यांच्याकडची एकही ओ पिशवी आईला जुळत नाही. एकाच गटाचं रक्त चालत नाही, असं कसं? मग कोणाचं रक्त कोणाला चालतं हे ठरतं तरी कशावरून? – सोलापूर

उत्तर:

तुम्हाला मिळालेल्या निरोपात "एकही" हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा आहे. दोन-चार पिशव्या जुळल्या नाहीत असं आमच्या रक्तपेढीत अधूनमधून होतं आणि त्याची कारणं वेगळी असतात. पण समोर ठेवलेली प्रत्येक ओ पिशवी नाकारली जात असेल, तर आईचा गट मुळात ओ आहे का, हेच आधी पाहायला हवं. ओ सारखा दिसणारा पण ओ नसलेला एक गट आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जगासमोर आणला, म्हणून त्याला बॉम्बे गट म्हणतात. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो असं मानलं जातं. युरोपात तो दहा लाखांत एखाद्याचा. म्हणजे आपल्या भागातल्या रक्तपेढीनं तो मनात धरूनच काम करायला हवं.

आईचा नमुना मी तपासलेला नाही, त्यामुळे त्यांचा गट तोच आहे असं मी म्हणत नाही. दुसऱ्या शक्यताही आहेत, त्या पुढे सांगते. पण आधी गट म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण ते कळलं की चालतं-न चालतं याचं कोष्टक पाठ करावं लागत नाही.

लाल पेशीच्या बाहेरच्या अंगाला साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. त्या साखळीच्या टोकाला फ्युकोज नावाची साखर जोडली गेली की तिला एच म्हणतात. हा एच जवळजवळ प्रत्येक माणसात तयार होतो. मग ए गटाच्या माणसात त्या एचला आणखी एक साखर जोडली जाते, बी गटाच्या माणसात वेगळी साखर जोडली जाते, एबी गटात काही साखळ्यांना ही आणि काहींना ती. ओ गटात पुढे काहीच जोडलं जात नाही, एच तसाच उघडा राहतो. ओ म्हणजे पेशीवर काहीच नाही असं आपण शाळेत शिकतो, ते ए आणि बी पुरतंच खरं आहे. ओ पेशीवर ए नाही, बी नाही, पण एच मात्र खच्चून भरलेला असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा इथेच आहे.

आता रक्ताचा दुसरा भाग, पेशी ज्यात तरंगतात तो प्लाझ्मा. आपल्या पेशीवर जी साखर नाही, तिच्याविरुद्धच्या अँटिबॉडी आपल्या प्लाझ्मात आपोआप तयार असतात. त्यासाठी आधी कधी रक्त चढवलेलं असावं लागत नाही. आतड्यातल्या जिवाणूंच्या अंगावर अशाच साखरा असतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच बाळाचं शरीर त्यांना परकं म्हणून ओळखायला लागतं. म्हणून ए गटाच्या माणसात बीविरुद्ध अँटिबॉडी असतात, बी गटात एविरुद्ध, ओ गटात दोन्हींविरुद्ध आणि एबी गटात एकाहीविरुद्ध नाही. या अँटिबॉडी फार जोरकस असतात. चुकीच्या गटाची पेशी शिरेत शिरली की तिला त्या तिथल्या तिथे फोडतात. फुटलेल्या पेशींमधलं हिमोग्लोबिन मूत्रपिंडावर येतं, लघवी लाल होते, रक्तदाब कोसळतो, आणि त्यात माणूस दगावू शकतो.

म्हणून लाल पेशी देताना नियम एकच: घेणाऱ्याच्या प्लाझ्मात ज्याच्याविरुद्ध अँटिबॉडी आहे, ते देणाऱ्याच्या पेशीवर नको. बाकी सगळं त्यातून निघतं. ए च्या रुग्णाला ए चालेल आणि ओ चालेल. बी च्या रुग्णाला बी आणि ओ. एबी च्या रुग्णाला चारही चालतील. ओ च्या रुग्णाला फक्त ओ. प्लाझ्मा चढवायचा असेल तर हाच हिशेब उलटा होतो, कारण तिथे अँटिबॉडी देणाऱ्याच्या पिशवीतून येतात आणि पेशी घेणाऱ्याच्या असतात. एबी चा प्लाझ्मा कोणालाही चालतो, ओ चा प्लाझ्मा मात्र फक्त ओ लाच. "ओ म्हणजे सर्वांना चालणारा दाता" हे म्हणणं त्यामुळे फक्त लाल पेशींच्या पिशवीपुरतं खरं आहे. हल्ली पिशवीतून बहुतेक प्लाझ्मा काढून घेतलेला असतो, म्हणून ते निभतंही.

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ही वेगळी गोष्ट आहे. ती डी नावाच्या प्रथिनावर ठरते. आपल्याकडे शंभरात साधारण पाच जण निगेटिव्ह. डीविरुद्धची अँटिबॉडी जन्मतः नसते, ती पॉझिटिव्ह रक्त अंगात गेल्यावर किंवा पॉझिटिव्ह बाळाच्या गरोदरपणात तयार होते. म्हणून निगेटिव्ह रुग्णाला, विशेषतः मूल होण्याच्या वयातल्या बाईला, निगेटिव्हच द्यायचं. आई पॉझिटिव्ह आहेत, त्यामुळे हा मुद्दा इथे सोडून देऊ.

बॉम्बे गटात काय होतं पाहा. एच तयार करणारा जो जनुक आहे, त्याची बिघडलेली प्रत आईकडूनही आली आणि बापाकडूनही आली, तर त्या माणसाच्या पेशीवर एचच तयार होत नाही. एच नाही म्हटल्यावर ए किंवा बी जोडायला जागाच उरत नाही, मग त्या माणसात ए चा किंवा बी चा जनुक धडधाकट असला तरी. पेशीवर ए नाही, बी नाही आणि एचही नाही. आणि वरचा नियम इथेही लागतो: जी साखर आपल्यावर नाही, तिच्याविरुद्ध अँटिबॉडी. या माणसात ए विरुद्ध, बी विरुद्ध आणि त्याशिवाय एच विरुद्धही अँटिबॉडी असते. ती शरीराच्या तापमानाला पूर्ण जोरात काम करते. अशा माणसाला ओ ची पिशवी लावली, तर त्या एचने भरलेल्या पेशी ती फोडून टाकते. ए लावली, बी लावली तरी तेच. त्याला फक्त दुसऱ्या बॉम्बे गटाच्या माणसाचं रक्त चालतं.

मग कार्डावर ओ कसं येतं? शिबिरात किंवा छोट्या लॅबमध्ये काचपट्टीवर रक्ताचे थेंब घेतात. एकात निळं अँटी-ए, दुसऱ्यात पिवळं अँटी-बी, तिसऱ्यात अँटी-डी टाकतात. ए मध्ये गुठळी नाही, बी मध्ये गुठळी नाही, मग ओ. बॉम्बे गटाची पेशीही या दोन्ही थेंबांत गुठळी धरत नाही. या पद्धतीनं ओ आणि बॉम्बे यांत फरक करताच येत नाही. फरक कळतो तो उलट बाजूनं, म्हणजे रुग्णाचं सीरम, रक्त गोठल्यावर वर उरणारं अँटिबॉडी असलेलं पाणी, घेऊन त्यात माहीत असलेल्या पेशी टाकल्यावर. तिथेही ए पेशी आणि बी पेशी एवढ्याच टाकून थांबलं तर फसायला होतं. ओ पेशींची तिसरी नळी लावावीच लागते. काही ठिकाणी वेळ वाचवायला ती नळी गाळतात. मला हे अजिबात पटत नाही. एका नळीला लागतात दोन थेंब सीरम आणि एक थेंब पेशी.

एक उदाहरण सविस्तर सांगते. अक्कलकोटच्या बाजूच्या एक बाई, वय चाळिशीच्या आसपास, गर्भपिशवीच्या गाठीमुळे महिनोन् महिने रक्तस्राव. हिमोग्लोबिन ६.१. कार्डावर ओ पॉझिटिव्ह, बऱ्याच वर्षांपूर्वी गावात झालेल्या तपासणीचं. डॉक्टरांनी दोन पिशव्या मागितल्या. रक्ताचा नमुना आणि मागणीचा फॉर्म घेऊन मुलगा आला होता.

आम्ही कार्डावरचा गट धरत नाही, नव्यानं करतो. पुढच्या बाजूनं अँटी-ए शून्य, अँटी-बी शून्य, अँटी-डी फोर प्लस. इथवर ओ पॉझिटिव्ह. उलट बाजूनं ए पेशी फोर प्लस, बी पेशी फोर प्लस, तेही ओ ला साजेसं. आणि ओ पेशींची नळी? ती शून्य यायला हवी, ती फोर प्लस आली. फोर प्लस म्हणजे काय, तर नळी सेंट्रिफ्यूजमधून काढून उजेडासमोर धरली आणि बोटानं हलकेच टिचकी मारली तर तळाशी बसलेल्या पेशींचं लाल बटण फुटत नाही. सबंध एकच तुकडा वर उचलला जातो आणि भोवतालचं पाणी नितळ राहतं. खऱ्या ओ माणसाच्या नळीत तेच बटण धुराच्या रेघेसारखं सुटून पाण्यात मिसळून जातं.

अशा वेळी पहिली शंका नमुन्याची घ्यायची. वॉर्डात दोन रुग्णांच्या नळ्यांची अदलाबदल होणं हे चुकीचं रक्त दिलं जाण्याचं जगभर एक मोठं कारण आहे. म्हणून नव्यानं नमुना मागवला, रुग्णाला नाव विचारून तिच्या खाटेशीच नळीवर लिहायला सांगितलं. पुन्हा तेच उत्तर. मग फ्रीजमधल्या पाच ओ पिशव्यांशी क्रॉसमॅच लावला. क्रॉसमॅच म्हणजे देणाऱ्याच्या पेशी आणि घेणाऱ्याचं सीरम एका नळीत एकत्र करून पाहायचं. जे शिरेत होणार, ते आधी नळीत होऊ द्यायचं. पाचही नळ्यांत साध्या सलाइनमध्येच, खोलीच्या तापमानाला, घट्ट गुठळ्या. ३७ अंशाला ठेवलेल्या नळ्यांत तर वरचं पाणी गुलाबी व्हायला लागलं. ते पेशी फुटल्याचं लक्षण. ती पिशवी लावली असती तर बाईच्या शिरेत हेच झालं असतं.

यानंतर दोन नळ्यांनी चित्र स्पष्ट झालं. एका नळीत बाईचं सीरम आणि तिच्याच पेशी टाकल्या. शून्य. म्हणजे तिचं शरीर स्वतःच्या पेशींवर उलटलेलं नाही, तिला बाहेरच्याच पेशी नकोत. दुसऱ्या नळीत तिच्या पेशी आणि अँटी-एच टाकलं. हे युलेक्स युरोपियस नावाच्या एका काटेरी झुडपाच्या बियांपासून काढतात आणि ते एच असलेल्या पेशींना चिकटतं. शेजारच्या नळीतल्या ओ पेशी एका क्षणात फोर प्लस, बाईच्या पेशी शून्य. एच नाही. बॉम्बे गट. खात्रीसाठी नमुना मोठ्या केंद्राकडे पाठवला, तिथे माहीत असलेल्या बॉम्बे पेशींशी तिचं सीरम लावलं. तिथे पहिल्यांदा नळी शांत राहिली.

मग आम्ही घरच्यांना विचारायला लागलो. त्यांचे आई-वडील मामा-भाची, हे त्यांनी सहज सांगितलं. आपल्या भागात, सोलापूर आणि पलीकडच्या कर्नाटकात, मामा-भाचीचं किंवा आत्ते-मामे भावंडांचं लग्न अनेक घरांत रीतीचं आहे. एचची बिघडलेली प्रत एखाद्या घराण्यात असेल आणि लग्न नात्यातच झालं, तर ती दोन्ही बाजूंनी मुलाकडे येण्याची शक्यता वाढते. दुसरी गोष्ट त्यांनी दबक्या आवाजात सांगितली. त्यांचा गट ओ, नवऱ्याचा गट ओ, आणि मुलीचा गट बी. ओ-ओ जोडप्याला बी गटाचं मूल होत नाही हे कोणीतरी त्यांना सांगितलं होतं आणि त्यावरून घरात वर्षानुवर्षं नको ते बोललं गेलं होतं. खरं असं होतं की बाईंच्या अंगात बी चा जनुक होता, फक्त एच नसल्यामुळे तो पेशीवर दिसत नव्हता. मुलीला आईकडून बी मिळाला आणि वडिलांकडून चांगला एच मिळाला, म्हणून तिच्यात बी उघड झाला. आम्ही हे नवऱ्याला आणि सासूबाईंना समोर बसवून कागदावर काढून दाखवलं. माझ्या मते त्या दिवशीचं ते काम पिशवी शोधण्याइतकंच निकडीचं होतं.

रक्त कोणाचं मिळणार? आई-वडील दोघे वाहक असले तर प्रत्येक मुलाला हा गट येण्याची शक्यता चारात एक. म्हणून भावंडं तपासायची. बाईंना तीन भाऊ आणि एक बहीण. एका भावाचा गट बॉम्बे निघाला. तो तर पूर्वी शिबिरात ओ म्हणून रक्त देऊन आला होता! त्यानं कोणाला इजा झाली असेल का, असं त्यानं घाबरून विचारलं. त्याच्या लाल पेशी रिकाम्या आहेत, त्यामुळे पेशींची पिशवी कोणत्याही गटाला घातली तरी फुटत नाही. त्याचा प्लाझ्मा मात्र ओ च्या रुग्णाला देणं धोक्याचं, कारण त्यात एचविरुद्धची अँटिबॉडी आहे. बॉम्बे गटाचा माणूस लाल पेशी सगळ्यांना देऊ शकतो, घेऊ मात्र फक्त आपल्याच गटाच्या शकतो.

भावाची पिशवी लगेच लावली नाही. जवळच्या रक्ताच्या नात्यातली पिशवी द्यायची असेल तर तिला आधी २५ ग्रे एवढं विकिरण द्यावं लागतं. पिशवीत देणाऱ्याच्या काही पांढऱ्या पेशी राहतात. नातं जवळचं असेल तर रुग्णाच्या शरीराला त्या परक्या वाटत नाहीत, त्या तिथे राहतात, वाढतात आणि रुग्णाच्याच त्वचेवर, यकृतावर, अस्थिमज्जेवर हल्ला करतात. हे क्वचित होतं, पण झालं तर बहुतेक रुग्ण वाचत नाहीत. कॅन्सर रुग्णालयातल्या रेडिओथेरपीच्या मशीनवर पिशवीला हे विकिरण देता येतं, तसं करून घेतलं. त्यानं पांढऱ्या पेशींची वाढायची ताकद जाते, लाल पेशी कामाच्या राहतात.

दरम्यान स्त्रीरोगतज्ज्ञांनी ऑपरेशन पुढे ढकललं. गोळ्या-इंजेक्शनांनी रक्तस्राव थांबवला आणि शिरेतून लोह दिलं. भावाची एक पिशवी लावली. पहिली पंधरा मिनिटं अगदी सावकाश, सिस्टर खाटेपाशी उभी. एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅम वाढतं, तेवढंच वाढलं. बाकीचं लोहानं केलं. महिन्याभरानं ९.८ झाल्यावर ऑपरेशन झालं. त्या दिवसासाठी पुण्याहून बॉम्बे गटाची एक पिशवी थंड पेटीतून आणून ठेवली होती. ती लागली नाही आणि तापमान न बिघडवता तशीच परत गेली. भावाकडून दुसरी घेता आली नसती, कारण पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवसांचं अंतर ठेवावं लागतं.

आता तुमच्या आईकडे वळू. रक्तपेढीत जाऊन तीन गोष्टी विचारा. उलट गटतपासणीत ओ पेशींची नळी लावली होती का, आणि ती काय आली. आईचं सीरम आईच्याच पेशींशी लावल्यावर काय आलं. आणि न जुळणं साध्या सलाइनमध्येच दिसलं, की कूम्ब्स तपासणीपर्यंत, म्हणजे सलाइनमध्ये न दिसणाऱ्या अँटिबॉडी पकडणाऱ्या पुढच्या तपासणीपर्यंत, गेल्यावर दिसलं. कामातला टेक्निशियन ही उत्तरं वहीतून लगेच काढून देईल.

ओ पेशींची नळी जोरात आली, स्वतःच्या पेशींची शून्य आली, आणि सलाइनमध्येच सगळं अडलं, तर बहुधा बॉम्बे गट. अँटी-एच लावून बघायला सांगा. स्वतःच्या पेशींची नळीही गुठळी धरत असेल, तर आईच्या अंगात स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी आहे. त्यातही सगळ्या पिशव्या नाकारल्या जातात, पण गट ओ च असतो. तिथे उपाय वेगळा. कमीत कमी न जुळणारी पिशवी निवडून डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात आणि मूळ आजारावर औषध चालू करतात. तिसरी शक्यता अशी की सलाइनमध्ये सगळं ठीक आणि कूम्ब्सला अडतं. मग ए-बी-ओ चा प्रश्नच नाही. पेशीवर डी शिवायही सी, ई, केल अशी बरीच प्रथिनं असतात. पूर्वीच्या रक्तातून किंवा बाळंतपणातून त्यांतल्या एकाविरुद्ध आईत अँटिबॉडी तयार झालेली असू शकते. तेव्हा सहसा सगळ्या नाही, काही पिशव्याच अडतात, आणि आणखी पिशव्या लावून बघितल्या की जुळणारी सापडते.

या तिसऱ्या शक्यतेत तुमचं रक्त सगळ्यात आधी अडेल, हे तुम्हाला ऐकायला कठीण जाईल. तुमच्या पेशींवर निम्मं देणं वडिलांचं आहे. गरोदरपणात आणि बाळंतपणात तुमच्या पेशी आईच्या रक्तात मिसळल्या, तेव्हा तिच्या शरीरानं वडिलांकडून आलेल्या त्या प्रथिनांविरुद्धच अँटिबॉडी बनवलेली असण्याची शक्यता असते. नवऱ्याचं रक्त बायकोला देताना हाच धोका. आईला मुलाचंच रक्त लागू पडतं ही आपल्याकडची समजूत मायेपोटी आलेली आहे, पण रक्तपेढीच्या दृष्टीनं मूल हा आईसाठी चांगला दाता नाही. त्यात वर सांगितलेलं विकिरणही लागतंच.

बॉम्बे गट निघाला तरी तुमची पिशवी बहुधा चालणार नाही. आईनं तुम्हाला बिघडलेली प्रत दिली आहे, हे नक्की. पण वडिलांकडून चांगली प्रत आली असेल तर तुमच्या पेशीवर एच आहे, आणि तुम्ही खरे ओ आहात. आई-वडिलांचं लग्न नात्यातलं असेल तर मात्र तुमचीही अँटी-एच तपासणी करून घ्या, कारण वडीलही वाहक असू शकतात. शोध घ्यायचा तो तुमच्या मामा-मावश्यांमध्ये. जेवढे हयात आहेत, तेवढ्या सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा. गटाच्या कार्डावर सगळ्यांचं ओ लिहिलेलं असेल, त्यानं निराश होऊ नका. कोणाच्या कार्डावर ए, बी किंवा एबी असेल, तर त्यांना मात्र बोलवायचं कारण नाही. त्यांच्या पेशीवर एच आहे, हे त्यावरूनच कळतं.

तोवर डॉक्टरांना विचारा की ऑपरेशन थांबू शकतं का. हिमोग्लोबिन किती आहे, रक्तस्राव औषधानं आटोक्यात येतो का, यावर ते ठरेल. थांबता आलं आणि लोहानं हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं, तर आईचीच एक पिशवी ऑपरेशनआधी काढून तिच्यासाठी ठेवता येते. ती सर्वात बिनधोक. थांबता येत नसेल तर मुंबई-पुण्याच्या मोठ्या रक्तपेढ्यांकडे बॉम्बे गटाच्या दात्यांच्या याद्या असतात, तिथे तुमच्या रक्तपेढीनंच फोन लावायचा. समाजमाध्यमांवर आवाहन टाकलंत तर आईचा अहवाल हाताशी ठेवून "बॉम्बे गट" असंच लिहा. नुसतं "दुर्मिळ ओ" लिहिलं तर ओ पॉझिटिव्ह आणि ओ निगेटिव्ह दात्यांची रांग लागेल आणि त्यातला एकही कामाचा नसेल.

आणि बॉम्बे गट पक्का झाला, तर जुनं कार्ड त्याच दिवशी बाजूला काढा. नव्या कार्डावर गट लिहून खाली "ओ रक्त देऊ नये" असं ठळक लिहून घ्या, आणि जो मामा किंवा मावशी जुळेल त्यांचा फोन नंबर त्याच कार्डाच्या मागे टाका. त्याची एक प्रत आईच्या पर्समध्ये आणि एक तुमच्या फोनमध्ये असू द्या. अपघातात बेशुद्ध आलेल्या रुग्णाला गट कळायच्या आत ओ ची पिशवी लावायची पद्धत सगळीकडे आहे. तुमच्या आईच्या बाबतीत नेमकी तीच पिशवी लावायची नाही, हे दवाखान्यात पोचताक्षणी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर असायला हवं.